पुण्याचे तीस हजार की कोल्हापूरचे वीस? ऑफर लेटर हातात आल्यावर आधी हिशेब मांडा

मलकापूर : इंजिनिअरिंगचा निकाल लागला की शाहूवाडी तालुक्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पोराला पुण्याला पाठवायचं की कोल्हापुरातच ठेवायचं? पुण्याचा आकडा मोठा दिसतो, म्हणून बहुतेक घरांत निर्णय तिथेच होतो. पण लेटरवरचा आकडा आणि महिन्याला घरी येणारा पैसा यात बराच फरक असतो.

उदाहरणासाठी मेकॅनिकल झालेला एक मुलगा धरू. चाकणच्या कंपनीचं पॅकेज वर्षाला 3 लाख 60 हजार, म्हणजे महिन्याला 30 हजार. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्रीचा पगार महिन्याला 20 हजार. वरवर पाहता दहा हजारांचा फरक.

आता पुण्याचं लेटर उघडू. पॅकेज म्हणजे कंपनीचा एकूण खर्च, तो सगळा पगार नसतो. मूळ पगार 15 हजार असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे 720 रुपये त्यातच धरलेले असतात. शिवाय ‘व्हेरिएबल’ म्हणून समजा 3 हजार दाखवलेत, तर ते वर्षाअखेरीला कामगिरी बघून मिळतात. राहिले 24,480. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 वजा जाता हातात 22,480 येतात. पीएफ बुडत नाही, पण तो महिन्याच्या खर्चाला उपयोगी पडत नाही.

फौंड्रीच्या 20 हजारांत मूळ पगार 12 हजार धरला तर पीएफ 1,440, ईएसआय 150 आणि व्यवसाय कर 200 जाऊन 18,210 हातात राहतात. ईएसआय 21 हजारांपर्यंतच्या पगाराला लागू असतो. त्यात मुलाबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्याही उपचाराची सोय होते. दहा हजारांचा फरक इथे सव्वाचार हजारांवर आला.

पुढे राहण्याचा खर्च. पुण्यात कॉट बेसिसवर 5,500, मेस 4,000, चहा-नाष्टा 1,500, प्रवास 1,500 आणि गावाकडची एक फेरी 1,200 धरली तर 13,700 होतात. शिल्लक 8,780. कोल्हापुरात खोली 3,000, मेस 3,000, नाष्टा 1,000, प्रवास 1,000 आणि दर रविवारी गावी यायला 600, असे 8,600. शिल्लक 9,610. म्हणजे मोठ्या पॅकेजवाल्याच्या हातात महिन्याला आठशे रुपये कमीच. व्हेरिएबलमधले महिन्याला 830 रुपयांहून जास्त मिळाले, तरच पुणे पुढे जातं.

कोल्हापूरची नोकरी घेताना एक चूक हमखास होते. ‘घरातनंच अप-डाऊन कर, खोली कशाला?’ मलकापूर ते गोकुळ शिरगाव जाऊन-येऊन सुमारे 110 किलोमीटर. पन्नासचं ॲव्हरेज देणारी गाडी असली तरी रोज सव्वादोन लिटर पेट्रोल लागतं. महिन्याच्या 26 दिवसांचे सहा हजार होतात, म्हणजे खोली आणि मेसएवढेच. त्यात रात्रपाळी करून थकलेला पोरगा दुचाकीवर. 2019 आणि 2021 च्या महापुरात तर हा रस्ताच बंद होता.

शिक्षण कर्ज असेल तर हा हिशेब जास्तच महत्त्वाचा. हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. तीन लाख बाकी, दहा टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर हप्ता पाच हजारांच्या आसपास येतो. नऊ हजारांच्या शिल्लकीतून निम्म्याहून जास्त तिथेच जातात.

पैसा असा जवळपास सारखा निघाला, तर निर्णय कामावर घ्यायचा. फौंड्रीत मोल्डिंग, भट्टी, फेटलिंग, मशीनिंग हे सगळं एका छपराखाली दिसतं. कास्टिंगला ब्लो होल का पडला, माल का परत आला, हे नवख्यालाही शोधावं लागतं. दोन वर्षांत हात बसतो. मात्र ‘तू फक्त रजिस्टर भर’ असं काम असेल तर तीच दोन वर्षं वाया जातात. मुलाखतीला गेल्यावर कोणत्या विभागात ठेवणार, हे स्पष्ट विचारावं आणि शॉप फ्लोअर बघून यावा. मोठ्या कंपनीत एकाच लाइनचं काम मिळतं. पण तिथली कागदपत्रांची आणि गुणवत्तेची शिस्त अंगवळणी पडते. आसपास कंपन्या भरपूर असल्याने दुसरी नोकरीही लवकर सापडते. कॉम्प्युटरवाल्यांना कोल्हापुरात संधी कमी, त्यांच्यासाठी पुणेच सोयीचं.

सही करण्याआधी लेटरमधला एक शब्द मात्र नीट वाचावा. ‘अप्रेंटिस’ असेल तर ते प्रशिक्षण असतं, कायम नोकरी नव्हे. त्यात विद्यावेतन मिळतं, पीएफ नसतो आणि मुदत संपल्यावर कंपनी ठेवून घेईलच असं नाही. लेटर कंपनीचं आहे की ठेकेदाराचं, हेही बघावं. आणि मूळ मार्कशीट कुणाकडेही जमा करू नये. झेरॉक्स द्यावी, मूळ प्रत दाखवून परत घ्यावी.