हृदयाला वेळ लागतो

दोन जणांचा दमसास दीड महिन्यात सारखाच वाढला, तर त्यांच्या शरीरात बदलही सारखेच झाले असणार, असे आपण सहज धरून चालतो. कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठात 2011 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग हा समज मोडतो.

तिथे तरुण स्त्री-पुरुषांचे दोन गट केले. दोन्ही गट आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे धावले. पहिला गट मध्यम वेगाने, सलग अर्धा ते एक तास. दुसरा गट ट्रेडमिलवर जीव तोडून तीस सेकंद, मग चार मिनिटे विसावा, असे चार ते सहा वेळा. या ट्रेडमिलला मोटर नव्हती, पट्टा पायांनीच ढकलायचा. म्हणजे दुसऱ्या गटाचे खरे धावणे एका दिवसात फार तर तीन मिनिटांचे.

शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, हे दमसासाचे नेहमीचे माप. पहिल्या गटात ते साडेबारा टक्क्यांनी वाढले, दुसऱ्यात साडेअकरा. दोन हजार मीटरची वेळही दोघांची सुधारली. पण संथ धावणाऱ्यांचे हृदय कमाल श्रमात मिनिटाला सुमारे साडेनऊ टक्के जास्त रक्त फेकू लागले होते. जोरकस धावणाऱ्यांच्या हृदयात तसा फरक दिसला नाही. त्यांच्या स्नायूंनी मात्र तेवढ्याच रक्तातून सात टक्के जास्त ऑक्सिजन ओढून घ्यायला सुरुवात केली होती.

हिशेब सोपा आहे. समजा, हृदय मिनिटाला 20 लिटर रक्त पाठवते आणि स्नायू प्रत्येक लिटरमधून 150 मिलिलिटर ऑक्सिजन काढतात. वापर झाला 3 लिटर. आता पुरवठा 22 लिटर करा किंवा दर लिटरची उचल 165 मिलिलिटर करा, उत्तर दोन्हीकडे 3.3 लिटरच येते. नळाची धार वाढवली काय किंवा भांडे मोठे घेतले काय, पाणी तेवढेच.

स्नायू इतक्या कमी वेळात का बदलतात? संथ धावताना शरीर मुख्यतः चिवट, हळू आकुंचन पावणारे तंतू वापरते. वेगवान तंतू बरेचसे आरामात असतात. जीव तोडून पळताना सगळ्यांनाच कामाला जुंपावे लागते आणि पेशीतले इंधन झपाट्याने उतरते. ही टंचाई हाच इशारा. पेशी मग मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे घटक, वाढवायला लागते. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाने 2006 मध्ये सायकलवर हेच पाहिले. दोन आठवड्यांत एका गटाने अडीच तास आणि दुसऱ्याने साडेदहा तास दिले (विसावा धरून), तरी मांडीच्या स्नायूंची ही क्षमता सारखीच वाढली.

हृदयाला मात्र टंचाई नको, भरणा हवा. धावताना पोटऱ्या दर पावलाला शिरांतले रक्त वर ढकलतात, डावा कप्पा काठोकाठ भरतो आणि ताणला जातो. मिनिटाला दीडशे ठोके धरले, तर पाऊण तासात असे पावणेसात हजार ताण पडतात. सततच्या या ताणातून हृदय दर ठोक्याला जास्त रक्त घ्यायला शिकते. तीस सेकंदांत ठोके पुरते चढण्याआधीच पळणे संपते. थांबलो की पोटऱ्यांचा पंपही थांबतो. सहा आठवड्यांत हृदय बदलले नाही, यामागे हे कारण असावे असे मला वाटते. पुढच्या काही महिन्यांत काय होईल, ते या प्रयोगावरून सांगता येत नाही. शिवाय ही माणसे मुरलेली धावपटू नव्हती.

करून पाहणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिल्या फेरीत दम राखून ठेवणे. शेवटच्या दहा सेकंदांत वेग स्पष्टपणे घसरला नाही, तर तो पुरता जोर नव्हताच. संथ धावेत उलटी चूक होते: वेग इतका वाढतो की एक वाक्यही सलग बोलता येत नाही. जोरात पळताना मांडीमागचा स्नायू दुखावू शकतो, म्हणून सपाट रस्त्यापेक्षा चढ बरा. तिथे पाय फार लांब पडत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

वेळ कमी आणि हृदयही बदलायचे, अशांसाठी मधली वाट नॉर्वेत तपासली गेली. तिथल्या 2007 च्या अभ्यासात सहभागींनी चार मिनिटे वेगाने, कमाल ठोक्यांच्या 90 ते 95 टक्क्यांवर, आणि मध्ये तीन मिनिटे हळू, असे चार वेळा केले. आठ आठवड्यांत दर ठोक्याचे रक्त सुमारे दहा टक्क्यांनी वाढले. फरक तीस सेकंद आणि चार मिनिटांचा: एवढ्या अवधीत ठोके वर चढतात आणि काही काळ तिथेच राहतात.