मुहूर्त 11.42चा, मग पोहोचायचं कधी?

लग्नपत्रिकेतला मजकूर जसाच्या तसा इंग्रजीत उतरवला, तर परदेशात वाढलेल्या नातेवाइकाला तो वाचता येतो. पण कार्यालयात किती वाजता यायचं, हे त्यावरून कळत नाही. आपली पत्रिका जाणत्या माणसासाठी लिहिलेली असते. जे आपल्याकडे कुणी विचारत नाही, ते तिच्यात नसतं. परदेशी पाठवायच्या निरोपात नेमकं तेच लिहावं लागतं.

समजा, पुण्यात लग्न आहे आणि पत्रिकेत 'रविवार, 6 डिसेंबर 2026, सकाळी 11 वाजून 42 मिनिटे' असं छापलं आहे. न्यू जर्सीहून आलेला पुतण्या ही वेळ समारंभ सुरू होण्याची समजतो, कारण तिकडे निमंत्रणावर तीच वेळ असते. तो 11.40ला दारात पोहोचतो तेव्हा शेवटचं मंगलाष्टक चालू असतं. दोन मिनिटांत अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, माळा घातल्या जातात. ज्या क्षणासाठी तो एवढ्या लांबून आला, तो त्याला मागच्या रांगेतूनही धड दिसत नाही. म्हणून निरोपात लिहावं: 'वधूवर 11.42ला एकमेकांना माळा घालतील. तुम्ही 10.45पर्यंत येऊन बसा. जेवण साडेबारापासून.'

तारखेत महिना अक्षरांत लिहावा. 6/12 हे अमेरिकेत 12 जून असं वाचलं जातं. घरबसल्या लग्न पाहणाऱ्यांना त्यांच्याकडची वेळही द्यावी. डिसेंबरात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणजे तिथे मुहूर्त रात्री 1.12ला. तिथल्या माणसाला 'शनिवारी रात्री जागे राहा' असंच सांगावं, नाहीतर तो रविवारी रात्री फोन उघडून बसेल. लग्न उन्हाळ्यात असेल तर हाच फरक साडेनऊ तासांचा होतो.

'सहकुटुंब सहपरिवार' या आमंत्रणात आपल्याकडे सगळे आले. तिकडे ज्यांची नावं लिहिली तेवढ्यांनाच बोलावलं, असा रिवाज आहे. तेव्हा पुतण्या, सून आणि दोन्ही नातवंडं, सगळ्यांची नावं घालावीत. किती जण येणार, हे कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं तेही सांगावं. खोल्या त्यावरच ठरतात.

'चि. सौ. कां.' आणि 'ज्येष्ठ कन्या' या जागी नातं उलगडून लिहावं: 'नवऱ्या मुलाची आजी म्हणजे तुझ्या आजोबांची धाकटी बहीण.' पुढच्या पिढीला हे नातं बहुधा इथेच पहिल्यांदा कळतं.

मूळ मराठी पत्रिकेचं चित्रही सोबत पाठवावं, कारण त्याच घरातले आजी-आजोबा तीच वाचतील. इंग्रजी मजकूर मात्र वेगळा टाइप करावा. चित्रातला पत्ता फोनच्या नकाशात सहज टाकता येत नाही, टाइप केलेला येतो.