आम्लशामक औषधे

आम्लशामक औषधे (अँटासिड) ही जठरातील आम्ल उदासीन करणारी औषधे आहेत. अधूनमधून होणाऱ्या छातीतील जळजळीवर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतली जातात. त्यांत प्रामुख्याने ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड व कॅल्शियम कार्बोनेट हे क्षार असतात. ॲल्युमिनियममुळे बद्धकोष्ठ, तर मॅग्नेशियममुळे जुलाब होऊ शकतात. म्हणून बऱ्याच औषधांत दोन्ही एकत्र वापरतात.

अल्जिनेट

अल्जिनेट हे तपकिरी समुद्रशैवालापासून मिळते. जठरातील आम्लाशी संपर्क येताच त्याचा जेलीसारखा थर बनतो. औषधातील बायकार्बोनेटपासून सुटणारे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे या थरात अडकतात व तो अन्नावर तरंगतो. त्यामुळे आम्ल अन्ननलिकेत वर येण्यास अडथळा होतो.

घेण्याची वेळ

रिकाम्या पोटी घेतलेले आम्लशामक जठरातून लवकर पुढे सरकते आणि त्याचा परिणाम सुमारे अर्धा तास टिकतो. जेवणानंतर तासाभराने घेतल्यास तो दोन ते तीन तास टिकू शकतो. अल्जिनेटचे द्रवरूप औषध बाटली हलवून, जेवणानंतर व झोपण्यापूर्वी घेतात. त्यानंतर लगेच काही खाल्ल्यास तरंगता थर विस्कळीत होतो.

इतर औषधांवरील परिणाम

आम्लशामकांतील धातूंचे आयन काही औषधांना बांधून ठेवतात व त्यांचे शोषण घटवतात. डॉक्सिसायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके, लोहाच्या गोळ्या आणि थायरॉइडसाठीचे लेव्होथायरॉक्सिन ही त्याची उदाहरणे होत.

समजा, एखादी व्यक्ती सकाळी ६ वाजता लेव्होथायरॉक्सिन घेते आणि जळजळ होते म्हणून ७ वाजता आम्लशामक घेते. अशा वेळी थायरॉइडच्या गोळीचा काही भाग रक्तात पोहोचतच नाही. गोळी नियमित घेऊनही रक्ततपासणीत टीएसएच वाढलेले दिसते, आणि कारण लक्षात न आल्यास मात्रा विनाकारण वाढवली जाते. या दोन औषधांत किमान चार तासांचे अंतर लागते. म्हणजे आम्लशामक सकाळी १० नंतर घ्यावे लागते. इतर औषधांसाठी अंतर वेगवेगळे असते, ते औषधविक्रेत्याकडून जाणून घेता येते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांत ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम शरीरात साचू शकतात. अल्जिनेटच्या अनेक द्रवांत सोडियम असते. म्हणून मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो.

डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे

गिळताना घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, वारंवार उलट्या होणे किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ औषध लागणे, ही तपासणीची गरज दर्शवणारी लक्षणे आहेत. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाल्यास तातडीच्या उपचारांची गरज असते. मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते.

छातीत दाब जाणवणे, कळ हात किंवा जबड्याकडे जाणे, घाम फुटणे किंवा धाप लागणे ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. आम्लशामकाने बरे वाटले तरी झटका नाही असे ठरत नाही. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.