ईआरपी बनवण्याआधी 'स्विमलेन' नकाशा कसा काढायचा?

पोहण्याच्या शर्यतीत प्रत्येकाची पट्टी ठरलेली असते. तशाच कागदावर आडव्या पट्ट्या आखायच्या आणि एकेक पट्टी कामातल्या एकेका माणसाला द्यायची. काम डावीकडून उजवीकडे सरकतं. हाच स्विमलेन नकाशा. ईआरपी म्हणजे ऑर्डर, माल, बिल आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते बनवण्याआधी मी हा नकाशा काढतो. काम कसं व्हायला हवं हे त्यात नसतं, आज कसं होतं तेच असतं.

पारोळ्यातलं पाईप आणि ठिबकचं एक दुकान घ्या. मालक म्हणाले, "ऑर्डर येते, बिल बनतं, माल जातो." म्हणजे तीन चौकोन, झालं! पण मी त्यांच्याकडून आदल्या दिवशीची एक चिठ्ठी घेतली आणि ती ज्यांच्या हातातून गेली, त्या प्रत्येकाला विचारत गेलो.

शेतकऱ्याने फोनवर ६३ एमएमचे, ४ केजीचे २० पाईप मागवले होते. काउंटरवरून चिठ्ठी गोडाऊनला गेली. तिथे १४च पाईप निघाले. गोडाऊनवाल्या भाऊंनी परस्पर शेतकऱ्याला फोन लावला, उरलेले ६ पाईप ६ केजीचे द्यायचं ठरलं, चिठ्ठीवर पेनाने दुरुस्ती झाली आणि गाडी निघाली. चिठ्ठी हिशेबाच्या टेबलावर पोचली संध्याकाळी. बिल तेव्हा बनलं.

नकाशात पट्ट्या पाच झाल्या: शेतकरी, काउंटर, गोडाऊन, गाडी, हिशेब. बाण जिथे पट्टी ओलांडतो, तिथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं. तिथेच थांबून विचारायचं: काय दिलं, कशावर लिहून दिलं आणि ते किती वेळ पडून राहिलं? इथे माल सकाळी गेला, पण कॉम्प्युटरमधला स्टॉक संध्याकाळपर्यंत जुनाच होता.

आता याचा सॉफ्टवेअरशी संबंध बघा. ईआरपीनेक्स्टमध्ये Delivery Note सबमिट केली की स्टॉक कमी होतो, Sales Invoice नंतर बनवता येतं. या दुकानाला हाच क्रम लागतो, कारण माल बिलाच्या आधी जातो. शिवाय भाऊंनी बदललेला माल मूळ Sales Order मध्ये बदलला नाही, तर ४ केजीचे ६ पाईप द्यायचे बाकीच दिसत राहतील. म्हणून मोबाईलवर ऑर्डर बदलायची सोय गोडाऊनलाही हवी. मालकांच्या तीन चौकोनांतून हे कळलंच नसतं.

मात्र एका चिठ्ठीवर विसंबू नका. मागच्या १० चिठ्ठ्या काढा आणि किती वेळा माल बदलला ते नकाशात फाट्याजवळ लिहा. उधारी आणि परत आलेला माल यांची वाटही काढा. सीझनमध्ये, कपाशी लागवडीच्या आधी, पुन्हा तपासा. गर्दीत वाटा बदलतात.

शेवटी नकाशा आधी गोडाऊनवाल्या भाऊंना दाखवा, मग मालकांना. भाऊ म्हणाले, "असं नाही होत," तर खोडरबर घ्या.