प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या काचेवर जाण्याआधी

मुलांच्या हातात पडणारी प्रश्नपत्रिका बहुतेकदा मूळ छापील पान नसते. ती त्या पानाची झेरॉक्स असते. प्रश्नपत्रिका संगणकावर कितीही देखणी दिसली तरी मूल वाचते ती प्रत. तिच्यातला ‘ब’ भरून ‘व’ झाला किंवा आकृतीतला बाण पुसला गेला, तर अभ्यास केलेल्या मुलाचा हक्काचा गुण जातो. म्हणून पान मांडायचे ते त्या प्रतीच्या हिशेबाने.

इयत्ता आठवीची विज्ञानाची 20 गुणांची घटक चाचणी घेऊ. उत्तरे त्याच कागदावर लिहायची आहेत. ए-फोर कागद 210 मिमी रुंद असतो. झेरॉक्स यंत्र कडेची साधारण 4-5 मिमी जागा कोरीच सोडते, शिवाय कागद ओढताना तो किंचित तिरकाही होतो. त्यामुळे चारही बाजूंना 20 मिमी समास ठेवावा. मजकुराला 170 मिमी रुंदी उरते.

गुणांचा रकाना बिघडतो तो इथे. बरेच जण प्रश्न लिहून पुढे स्पेसबार दाबत ‘2’ उजवीकडे ढकलतात. फाँट बदलला की सगळे आकडे मागेपुढे होतात. टॅब लावला तरी लांब प्रश्नाची ओळ थेट आकड्याला जाऊन भिडते. याला खात्रीचा उपाय म्हणजे चार रकान्यांचा तक्ता: प्रश्न क्रमांकाला 10 मिमी, प्रश्नाला 130, गुणांना 15 आणि मिळालेल्या गुणांना 15. तक्त्याच्या रेषा काढून टाकायच्या, फक्त मिळालेल्या गुणांच्या चौकटी ठेवायच्या. प्रश्न तीन ओळींचा झाला तरी तो आपल्या रकान्यातच राहतो. वर्डमध्ये Table Properties मधल्या Row या भागात जाऊन Allow row to break across pages समोरची खूण काढावी, म्हणजे एकच प्रश्न दोन पानांत तुटत नाही. ‘प्र. 2. कोणतेही तीन सोडवा’ अशा विभागाच्या ओळीत एकूण गुण ठळक द्यावेत. ते वरच्या 20 शी जुळतात का, हे छापण्याआधी हाताने बेरीज करून पाहावे.

उत्तरासाठी टिंबांच्या ओळी टाइप करू नयेत. टिंबे बारीक असली तर प्रतीत विरतात आणि ओळींची लांबीही सारखी राहत नाही. त्याच तक्त्यात प्रश्नाखाली रिकाम्या ओळी घालाव्यात, प्रत्येकीची उंची Exactly 0.9 सेमी ठेवावी आणि फक्त खालची रेषा दाखवावी. आठवीच्या मुलाचे अक्षर एवढ्या जागेत मोकळे बसते. 2 गुणांच्या उत्तराला चार ओळी दिल्या तर 36 मिमी जागा लागते.

आकृतीला मात्र खरा वेळ द्यायला हवा. पुस्तकातले हृदयाचे रंगीत चित्र तसेच चिकटवले, तर लाल आणि निळा हे दोन्ही रंग प्रतीत जवळजवळ सारखेच करडे होतात. शुद्ध रक्त कुठले आणि अशुद्ध कुठले, हे ओळखायला सांगणाऱ्या प्रश्नाला मग काही अर्थच उरत नाही. करडा रंग कागदावर उमटतो तो बारीक ठिपक्यांनी. यंत्र त्या ठिपक्यांची पुन्हा नक्कल करते तेव्हा डाग आणि पट्टे पडतात. म्हणून पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने रेषाचित्र काढावे आणि 300 डीपीआयला स्कॅन करावे. एक बाजू कोरी ठेवून दुसऱ्या बाजूला विरळ तिरप्या रेषा माराव्यात. नावे विचारण्यासाठीची अक्षरे आकृतीबाहेर लिहून त्यांच्यापासून आत रेघ न्यावी. चित्र In Line with Text ठेवले की मजकूर वाढला तरी ते आपल्या प्रश्नाखालीच राहते.

देवनागरीची वेगळी काळजी घ्यावी लागते. शाई किंचित पसरली की ‘ष’चा ‘प’, ‘घ’चा ‘ध’ होतो आणि अनुस्वार तर दिसेनासाच होतो. अक्षर 13-14 आकाराचे घ्यावे आणि ठळक अक्षर फक्त शीर्षकांना वापरावे, कारण ठळक अक्षराच्या आतल्या फटी आधी बुजतात. मजकुराच्या ओळींतले अंतर Exactly करू नये. आकडा कमी पडला तर वेलांटी आणि रफार वरून कापले जातात. शाळेतल्या आणि दुकानातल्या संगणकावर फाँट वेगवेगळे असतात, म्हणून फाइल पीडीएफ करूनच न्यावी. छापताना Actual size निवडावे, नाहीतर पान आक्रसते.

दुकानात आधी एकच प्रत काढून घ्यावी. तिच्यातले ‘ब’ आणि ‘ष’, आकृतीतल्या तिरप्या रेषा आणि गुणांचा शेवटचा रकाना पाहावा. अक्षरे भरलेली दिसली तर प्रत एक पायरी फिकी करायला सांगावी. पाठपोट छपाई असेल तर पान उजेडात धरून मागची आकृती पुढच्या उत्तराच्या ओळींत उमटते का, हेही तपासावे. उमटत असेल तर थोडा जाड कागद मागावा. प्रती कमी पडल्या तर पुन्हा मूळ छापील पानावरूनच काढाव्यात. प्रतीवरून प्रत काढली की पहिल्या प्रतीत जेमतेम वाचता येणारा अनुस्वार दुसरीत हरवतो.