गंपूचं हसू आणि सरळ रेषेचा हट्ट

समजा, ब्लेंडरमध्ये गंपू नावाचा एक गोल चेहऱ्याचा मुलगा तयार आहे. त्याला हसवायचं आहे. संगणकाच्या लेखी गंपूचा चेहरा म्हणजे दीडदोन हजार बिंदूंचं जाळं. शेप की म्हणजे त्यातला प्रत्येक बिंदू मूळ जागेवरून किती आणि कुठल्या दिशेला सरकला याची नोंद, बाकी काही नाही. `Shape Keys` या चौकटीतलं अधिकचं चिन्ह पहिल्यांदा दाबलं की `Basis` तयार होते. हा गंपूचा निर्विकार चेहरा. दुसऱ्यांदा दाबल्यावर आलेल्या कीला `Smile` नाव द्यायचं, एडिट मोडमध्ये जाऊन बिंदू ओढायचे आणि बाहेर यायचं. आता `Value` शून्यावर असेल तर गंपू गप्प, एकवर असेल तर पूर्ण हसरा आणि अर्ध्यावर असेल तर गालातल्या गालात.

नवशिके इथे फक्त ओठांचे कोपरे वर ओढून मोकळे होतात. मग हसू चिकटवल्यासारखं दिसतं. कोपरे वर जाताना थोडे बाहेर आणि मागेही जायला हवेत, गाल फुगायला हवेत, खालची पापणी किंचित वर यायला हवी. व्यंगचित्रातल्या पात्राला तर हे सगळं थोडं जास्तच लागतं.

दोन्ही बाजू एकदम हसल्या तर ते फोटोतलं हसू. गंपूला तिरकस हसता यावं म्हणून `Smile`च्या दोन प्रती काढतात आणि प्रत्येक प्रतीला एकेका बाजूचा व्हर्टेक्स ग्रुप जोडतात. डाव्या ग्रुपमध्ये डाव्या बाजूचं वजन १, उजव्या बाजूचं ०, उजव्यात उलट. ओठांच्या मधोमध मात्र वजन हळूहळू उतरलं पाहिजे आणि प्रत्येक बिंदूवर दोन्ही वजनांची बेरीज एक भरली पाहिजे. सीमारेषा कडक ठेवली, तर डावी बाजू हसताच नाकाखाली सुरकुती उमटते. चूक ओळखायची खूण तीच.

आता स्लायडर. अॅनिमेटरला दर वेळी यादीत जाऊन आकडे बदलायला लावणं ही शिक्षाच. म्हणून चेहऱ्याशेजारी एक छोटं बोन ठेवतात, फक्त वर-खाली सरकणारं. `Limit Location` लावून त्याला उणे ०.२ ते अधिक ०.२ एवढीच वाट मोकळी ठेवायची. मोजमाप लोकल स्पेसमध्ये, आणि `Affect Transform` चालू. ते विसरलात तर हँडल जागेवर थांबलेलं दिसतं, पण आतला आकडा वाढतच राहतो. मग `Smile`च्या `Value`वर उजवी क्लिक करून `Add Driver` निवडायचं, `var`ला बोनचं स्थान जोडायचं आणि हे सूत्र द्यायचं:

```
max(0, var * 5)
```

०.२ गुणिले ५ म्हणजे १. `Sad` या कीसाठी तेच बोन, फक्त `var`च्या आधी उणे चिन्ह. हँडल वर नेलं की हसू, खाली नेलं की रडवेलं तोंड; दोन्ही एकदम होण्याचा प्रश्नच नाही.

खरी गंमत डोळे मिटताना होते. शून्याला ठीक, एकला ठीक, पण मध्येच पापणीतून बुबुळ बाहेर डोकावतं. कारण शेप कीला फक्त सरळ रेषा कळते आणि डोळा आहे गोल. पापणीची कड नव्वद अंशांचा प्रवास करत असेल आणि डोळ्याची त्रिज्या २ सेंटिमीटर असेल, तर सरळ वाटेवरचा मधला बिंदू पृष्ठभागाच्या आत जवळजवळ ६ मिलिमीटर जातो. उपाय म्हणजे दुरुस्तीची आणखी एक की. `Blink` अर्ध्यावर ठेवून पापणी बाहेर काढायची आणि त्या कीचा ड्रायव्हर असा लिहायचा की ती फक्त मध्यावर पूर्ण लागू होईल:

```
1 - abs(2 * blink - 1)
```

इथे `blink` हे चलाचं नाव, त्याला `Blink`चं मूल्य जोडलेलं. दोन्ही टोकांना उत्तर ०, मध्यावर १.

दुसरी खोड बेरजेची. हसू आणि उघडं तोंड दोन्ही पूर्ण दिले, की ओठांचा कोपरा दोन्ही सरकण्यांची बेरीज करून गालाबाहेर निघतो. तिथेही दुरुस्तीची की लागते. तिचं सूत्र `smile * mouthOpen`. गुणाकार असल्यामुळे एकटं हसताना किंवा नुसता आ वासताना ती जागी होत नाही.

जबडा मोठा उघडायचा असेल तर मात्र मी शेप कीच्या नादी लागत नाही. जबडा कानाजवळच्या बिजागरीभोवती फिरतो; सरळ रेषेने खाली आणला तर हनुवटी मधल्या टप्प्यांत आखूड दिसते. ते काम बोनचं. आणि हे सगळं सुरू करण्याआधी गंपूचं जाळं पक्कं झालेलं असावं. दहा-बारा की झाल्यावर ओठाला नवीन बिंदू घातले, तर प्रत्येक की उघडून ते बिंदू नीट बसलेत का हे पुन्हा बघत बसावं लागतं.