दोष रश्श्याचा की पातेल्याचा?

समजा, एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुपारी एकला जेवलेल्या कामगारांना रात्री अकराच्या सुमारास जुलाब आणि पोटात मुरडा सुरू झाला. उलट्या फारशा नाहीत, तापही नाही. तक्रार येताच उरलेले अन्न फेकू न देता थंड ठेवायचे, अन्न व औषध प्रशासनाला आणि आरोग्य विभागाला कळवायचे आणि रुग्णांच्या शौचाचे नमुने शक्यतो प्रतिजैविके देण्याआधी घ्यायचे.

मग आजारी आणि ठणठणीत, दोघांनाही विचारायचे: काय खाल्ले, त्रास कधी सुरू झाला? चिकन रस्सा खाणाऱ्या ६० जणांपैकी ४२ आजारी, म्हणजे ७० टक्के. न खाणाऱ्या ४० पैकी ४, म्हणजे १० टक्के. संशय रश्श्यावर जातो. दहा तासांचे अंतर आणि तापाचा अभाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूकडे बोट दाखवतात. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

स्वयंपाकघरात चौकशी केल्यावर उलगडा होतो. रस्सा आदल्या रात्री शिजवून मोठ्या पातेल्यात तसाच ठेवला होता आणि दुपारी जेमतेम कोमट करून वाढला. या जिवाणूचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि रस्सा हळूहळू निवताना त्यांतून निघालेले जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून आचाऱ्याला काढून टाकून प्रश्न सुटत नाही. पद्धत बदलावी लागते. उरलेला रस्सा उथळ ट्रेमध्ये वाटून लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा, वाढण्यापूर्वी आतपर्यंत ७५ अंश सेल्सिअस गरम करायचा, वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवायचा आणि तापमानाची रोज नोंद करायची.